मदत हवी आहे: मामांच्या मृत्युपत्राचा एक्झिक्युटर आहे, वाटपाआधी मालमत्ता आणि देण्यांची यादी कशी करू?

भाचा_कोथरूड

मामा जानेवारीत गेले. मामी आधीच गेल्या होत्या. नोंदणीकृत मृत्युपत्रात त्यांनी मला एक्झिक्युटर नेमलंय. पुण्यातला फ्लॅट दोन्ही मुलींना समान, गावच्या वाचनालयाला २ लाख, शेवटची दोन वर्षं सांभाळणाऱ्या मावशींना १ लाख आणि उरलेलं सगळं मुलींना निम्मं-निम्मं, असं त्यात लिहिलंय.

सापडलेल्या गोष्टी अशा: १४ लाखांची एफडी (नॉमिनी थोरली मामेबहीण), बचत खात्यात २ लाख १० हजार, म्युच्युअल फंड साधारण ९ लाख. देणी म्हणजे हॉस्पिटलचं १ लाख ४० हजारांचं बिल, जे धाकटीने भरलं. मावशींचा दोन महिन्यांचा ३६ हजार पगार. क्रेडिट कार्डाचे २२ हजार. कपाटात एका पतसंस्थेचं पत्रही मिळालं. मामा तिथे एका जुन्या सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन होते आणि त्या कर्जाची बाकी ३ लाख ८० हजार आहे.

थोरली म्हणते एफडी तिची, यादीत घालायचं कारण नाही. धाकटी कॅनडात असते, तिला सगळं मिटवून मोकळं व्हायचंय. दोघींवरही माझा जीव आहे, म्हणून हे नीट आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर करायचंय. यादीत नक्की काय लिहायचं आणि त्या जामिनाचं काय करायचं?

स्पष्टवक्ता

थोरलीचं बरोबर आहे. बँक नॉमिनीलाच पैसे देते, एक्झिक्युटरला विचारतसुद्धा नाही. एफडी यादीतून काढा. आणि जामीन मामा होते, ते गेल्यावर जामीन संपला.

निवृत्त_शाखाधिकारी

स्पष्टवक्ता, बँक नॉमिनीला देते एवढं खरं. पण त्याने बँक मोकळी होते, पैशाची मालकी ठरत नाही. शेअर्सच्या नॉमिनेशनबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच म्हटलंय. म्हणून भाचा, एफडी यादीत हवीच, शेरा लिहून: 'नॉमिनीच्या ताब्यात, मृत्युपत्राप्रमाणे उर्वरित मालमत्तेचा भाग'.

जामीनही संपत नाही. मामा गेल्यानंतर त्या माणसाला नवीन कर्ज दिलं तर त्याची जबाबदारी मामांच्या मालमत्तेवर येणार नाही. पण आधी उचललेल्या कर्जाची राहते, फक्त त्यांनी मागे ठेवलं तेवढ्यापुरती. तुमच्या किंवा बहिणींच्या स्वतःच्या पैशाला पतसंस्था हात लावू शकत नाही.

आता यादी. प्रत्येक आकडा मृत्यूच्या तारखेचा घ्या, आजचा नको. एफडीवर त्या दिवसापर्यंतचं व्याज बँकेकडून लेखी मागा. फंडांचं मूल्य त्या दिवशीच्या एनएव्हीने काढा. फ्लॅटला रेडी रेकनरचा दर लावा, म्हणजे 'तू कमी दाखवलंस' असा वाद उरत नाही. सोनं असेल तर दोघींच्या संमतीने एका सराफाकडून तोलून लेखी घ्या.

एक जागा लोक हमखास विसरतात. मामा पेन्शनर होते ना? बचत खात्यात मृत्यूनंतरची पेन्शन जमा झालीय का, ते पासबुकात बघा. ती सरकारची आहे, बँक परत घेते. तो आकडा बाकीतून वजा करूनच यादीत घाला.

भाचा_कोथरूड

आत्ताच पासबुक पाहिलं. मृत्यूनंतर दोन महिने ३१-३१ हजार जमा झालेत. म्हणजे खरे १ लाख ४८ हजारच.

संगमनेरची_मीना

माझ्या वडिलांनी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. आम्हाला कोर्टातून वारस दाखला काढावा लागला, वर्ष गेलं. तुम्हीही तोच काढा, त्याशिवाय बँक हलत नाही.

निवृत्त_शाखाधिकारी

मीनाताई, तुमच्याकडे मृत्युपत्र नव्हतं म्हणून तो रस्ता. इथे मृत्युपत्र आहे आणि एक्झिक्युटर नेमलेला आहे.

अॅड_सातारा

थोडं कायद्याच्या बाजूने. भारतीय वारसा कायदा १९२५ च्या कलम ३१७ प्रमाणे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, मिळाल्यापासून सहा महिन्यांत ही यादी आणि एका वर्षात हिशेब कोर्टात द्यावा लागतो. तुम्ही प्रोबेट घेतलं नाही तर ती मुदत नाही, तरी यादी त्याच शिस्तीने करा. उद्या कोणी घेणेकरी उभा राहिला तर तुमच्या बचावाला तीच कामी येते. देणी शिल्लक असताना वाटप केलं आणि मालमत्ता कमी पडली, तर एक्झिक्युटरला खिशातून भरावं लागू शकतं.

देण्यांना क्रम आहे. आधी अंत्यविधी आणि शेवटच्या आजाराचा खर्च. धाकटीने भरलेलं बिल इथे येतं, आणि ती वारस असली तरी तिला ते वाटपाआधी परत मिळायला हवं. मग प्रोबेट घेतलं तर त्याचा खर्च. मग घरकाम करणाऱ्यांचा मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतला थकलेला पगार, म्हणजे मावशींचे ३६ हजार. त्यांना मृत्युपत्राने मिळणारा १ लाख वेगळा, दोन्हींची सरमिसळ करू नका. त्यानंतर क्रेडिट कार्ड, आयकर. हे सगळं फिटल्यावरच वाचनालय आणि बाकीचे.

आयकराच्या पोर्टलवर कायदेशीर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करा आणि मामांचं एआयएस उतरवा. कुठल्या बँकेने व्याज दिलं, कुठल्या कंपनीने लाभांश दिला ते तिथे दिसतं. कपाटात न सापडलेलं खातं बऱ्याचदा असंच सापडतं. गावी जमीन असेल तर सातबाऱ्यातला 'इतर हक्क' रकाना वाचा, सोसायटीच्या कर्जाचा बोजा तिथे चढलेला असतो.

भाचा_कोथरूड

जमीन नाही. आयकर अंदाजे १८ हजार येईल. मी असं मांडलं: १४ लाख, १ लाख ४८ हजार आणि ९ लाख मिळून २४ लाख ४८ हजार (एफडीचं व्याज बँकेकडून आलं की वाढवेन, अंत्यविधीचा खर्च मी केला, तो मागणार नाही). देणी २ लाख १६ हजार. वाचनालय आणि मावशींचे ३ लाख. उरतात १९ लाख ३२ हजार. फ्लॅट वेगळा. आता यातून जामिनाचे ३ लाख ८० हजार बाजूला ठेवायचे की नाही?

अॅड_सातारा

यादीत त्याला वेगळा कप्पा द्या: 'संभाव्य देणी'. ते आजचं कर्ज नाही, पण शून्यही नाही. पतसंस्थेला मृत्यू दाखला जोडून लेखी पत्र द्या, कर्जखात्याचा उतारा आणि मामांच्या सहीच्या जामीनपत्राची प्रत मागा. हप्ते नियमित असतील तर कर्जदाराला बदली जामीनदार द्यायला सांगा आणि संस्थेकडून मामा जामीनमुक्त झाल्याचं पत्र घ्या. हप्ते थकलेले असतील तर संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढू शकते, आणि त्यात जामीनदाराकडचंही ओढलं जातं.

पत्र हाती येईपर्यंत मी तरी ३ लाख ८० हजार राखून १५ लाख ५२ हजारच वाटेन, म्हणजे प्रत्येकी ७ लाख ७६ हजार. जाहीर नोटीसही द्या. रीतसर नोटीस देऊन, कळलेली देणी भागवून वाटप केलं, तर नोटीस देऊनही न कळलेल्या देण्यासाठी तुम्हाला धरता येत नाही. पण हा जामीन तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे त्याला नोटिशीचं संरक्षण नाही.

निवृत्त_शाखाधिकारी

माझं मत थोडं वेगळं. खातं नियमित असेल तर सगळी रक्कम अडकवण्यापेक्षा दोघींकडून 'मागणी आल्यास आपापल्या हिश्श्यातून परत करू' असं लिहून घ्या आणि वाटा.

अॅड_सातारा

धाकटी कॅनडात आहे. तिच्याकडून पैसे परत आणायला किती वर्षं लागतील?

भाचा_कोथरूड

पतसंस्थेत जाऊन आलो. गेले दोन हप्ते उशिरा भरले आहेत, पण थकबाकी नाही. कर्जदार काका बदली जामीनदार म्हणून मुलाचं नाव देतो म्हणाले. संस्थेचा निर्णय पुढच्या संचालक मंडळाच्या बैठकीत. तोवर पूर्ण रक्कम राखून ठेवतोय आणि यादीची प्रत दोघींना पाठवलीय. धाकटीने सही केली. एफडी यादीत आहे म्हणून थोरलीने अजून केलेली नाही. तिने पैसे बँकेतून काढले आणि द्यायला नकार दिला, तर मी एक्झिक्युटर म्हणून तिच्यावर दावा करायचा, की तिच्या वाट्यातून वळते करून घेतले तरी चालतील?

अॅड_सातारा

वळते करून भागणार नाही. एफडी तिच्याकडे गेली तर तुमच्या हातात १० लाख ४८ हजार. देणी, दोन्ही देणग्या आणि राखीव रक्कम मिळून ८ लाख ९६ हजार. उरतात १ लाख ५२ हजार, आणि धाकटीला द्यायचेत ७ लाख ७६ हजार. ६ लाख २४ हजार थोरलीकडूनच यायला हवेत. आधी हाच हिशेब तिच्यासमोर मांडा. तिने एफडी अजून मोडली नसेल तर आजच बोला.