सेटलमेंटनंतर सिबिल पुन्हा कसा उभा केला? तुमचे अनुभव सांगा

पंचगंगाकाठ
काल रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, कार्डाची बाकी ऐंशी हजार आहे, वसुलीवाले चाळीसात मिटवतो म्हणतात. घेऊ का?" मला काही क्षण बोलायलाच सुचेना. डिसेंबर 2021 मध्ये मी अगदी हेच केलं होतं.

शाहूपुरीतलं दुकान 2019 च्या पुरात गेलं, सावरतोय तोवर जुलै 2021 ला पुन्हा पाणी आलं. माल कार्डावर भरला होता, तो भिजला आणि हप्ते थकले. बाकी 92,000 होती, 48,000 वर तडजोड झाली. पत्र हातात आलं तेव्हा सुटलो असं वाटलं. जून 2023 ला घरकर्जासाठी गेलो तर साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. स्कोर 611 आणि त्या खात्यापुढे "सेटल्ड". त्या रागात पुढच्या पंधरा दिवसांत आणखी तीन ठिकाणी अर्ज टाकले. प्रत्येक ठिकाणची चौकशी रिपोर्टात चढली आणि स्कोर आणखी खाली, 598.

मग पहिला महिना फक्त कागद बघण्यात घालवला. वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळतो, तो उतरवून घेतला. बँकेने सोडलेले 44,000 तिथे आकड्यासकट लिहिलेले होते. बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला पत्र टाकलं की ही रक्कम भरतो, पण भरल्यावर खातं "क्लोज्ड" कळवाल हे आधी लेखी द्या. दुसऱ्या महिन्यात तिसऱ्या पत्राला उत्तर आलं, व्याज न लावता 44,000 वर हो म्हणाले. तिसऱ्या महिन्यात भरले, त्यासाठी बायकोची भिशी उचलली. नो ड्यूज पत्र आलं. चौथ्या महिन्यात रिपोर्ट काढला तर तसाच! सिबिलच्या साइटवर तक्रार टाकली, नो ड्यूज बँकेलाही पुन्हा पाठवलं, तेव्हा पाचव्यात "क्लोज्ड" झालं. स्कोर किती? 619. एवढे पैसे भरून फक्त एवढंच, असं म्हणून त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सहाव्या महिन्यात 25,000 ची एफडी केली आणि त्यावर 20,000 मर्यादेचं कार्ड घेतलं. बाकी नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

वहिनी_राजारामपुरी
आमच्या ह्यांचंही असंच झालंय. भिशी उचलली हे वाचून पोटात तुटलं हो. तुमच्या मिसेसना नमस्कार सांगा.

शिरोलीकर
भावा, एवढा खटाटोप कशाला? तीन वर्षांनी सगळं आपोआप पुसलं जातंय. हप्ता भरला की थकला ते दाखवणारे 36 महिन्यांचेच चौकोन असतात रिपोर्टात. गप बसायचं.

कर्जखाते_निवृत्त
शिरोलीकर, 36 महिन्यांचं बरोबर आहे, पुसलं जातं हे नाही. ते चौकोन त्या खात्याच्या शेवटच्या नोंदीपासून मागे मोजतात. खातं बंद झालं की ती पट्टी तिथेच थांबते, कॅलेंडरबरोबर सरकत नाही. आणि माहिती किमान सात वर्षं ठेवायची असा नियम आहे. किमान, म्हणजे सात वर्षं झाली की त्याच दिवशी काढतील असंही धरू नका.

पंचगंगाकाठ, 619 च का झाला ते सांगतो. "सेटल्ड" गेलं तरी थकलेल्या हप्त्यांचे दिवस रिपोर्टात राहिलेच, ते खरे आहेत म्हणून कोणी काढू शकत नाही. शिवाय तुमच्याकडे चालू कर्ज एकही नव्हतं. जुनं वाईट आणि नवं काहीच नाही, मग स्कोर चढणार कशाच्या जोरावर? मी सहकारी बँकेत 22 वर्षं कर्जाच्या टेबलावर होतो. आम्ही आकड्याच्या आधी हा शेरा बघायचो. "सेटल्ड" दिसलं की फाईल वर पाठवायची सोयच नसायची, "क्लोज्ड" असेल तर निदान बोलता यायचं. तुमच्या 44,000 चा उपयोग तिथे झाला.

हुपरीची_सून
माझं वेगळंय. दिराच्या गाडीच्या कर्जाला ह्यांनी जामीन दिला. दिराने सहा हप्ते चुकवले आणि आमच्या घरकर्जाला अडलं. आम्ही एक रुपयाही घेतला नव्हता. घरात अजून बोलणं नाही. यावर काय करतात?

कर्जखाते_निवृत्त
ताई, जामीनदाराच्या रिपोर्टात ते कर्ज दिसतंच. थकलेलं भरून खातं नियमित करणं हाच मार्ग, दुसरा नाही. दिरांशी बोलणं कसं सुरू करायचं ते मात्र तुम्हीच ठरवा.

गुळमार्केट
रोज रोज स्कोर बघू नका रे, बघितला की कमी होतो.

शिरोलीकर
आपण आपला बघितला तर नाही होत. बँकेने अर्जासाठी काढला तर होतो. हे तरी मला पक्कं माहीत आहे 😀

पंचगंगाकाठ
आलो. कार्डाचं सांगतो. मोबाईल बिल आणि दुकानाचं लाईट बिल एवढंच त्यावर, महिन्याला तीन-चार हजार. बिल बनायच्या तारखेआधीच भरून टाकायचो. आठव्या महिन्यात कार्ड रिपोर्टात दिसलं, स्कोर 641. नवव्यात दुकानाचा माल आला म्हणून 17,000 वापरले. वेळेत भरले, तरी बिलात मोठा आकडा गेला आणि स्कोर 622 वर आला. दोन महिन्यांत परत चढला. बाराव्या महिन्यात 668, अठराव्यात 712. मध्ये एकही नवा अर्ज केला नाही. विसाव्या महिन्यात मोपेडसाठी छोटं कर्ज घेतलं, त्याने आधी थोडा घसरला. चोविसाव्या महिन्यात, जून 2025 ला, 738. घरकर्ज मंजूर झालं, व्याज शेजाऱ्यापेक्षा पाव टक्का जास्त लागलं.

वहिनी_राजारामपुरी
आम्हाला एकाने आठ हजारात पंधरा दिवसांत "सेटल्ड" काढून देतो म्हणून सांगितलंय. ह्यांनी दोन हजार ॲडव्हान्स पण दिलाय. 😔

कर्जखाते_निवृत्त
वहिनी, उरलेले देऊ नका. शेरा फक्त बँकच बदलू शकते, बाहेरचा माणूस तुमच्याच नावाने तक्रार टाकतो, ती तुम्ही फुकट टाकू शकता. 30 दिवसांत निकाल नाही लागला तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळायची तरतूद आहे. जानेवारी 2025 पासून बँकांना किमान दर पंधरा दिवसांनी माहिती द्यावी लागते, त्यामुळे पंचगंगाकाठांएवढं थांबावं लागू नये. पण एक विचारा: कर्ज वसुली कंपनीला विकलंय का? तसं असेल तर पत्रही तिचंच लागतं आणि नोंदही तिनेच बदलायची. जुन्या बँकेत फेऱ्या मारून काही होत नाही.

वहिनी_राजारामपुरी
अय्या, हो, हल्ली फोन दुसऱ्याच कंपनीचे येतात! आज ह्यांना पत्र शोधायला लावते.

गुळमार्केट
मला पतसंस्थेचं सोनेतारण चालतंय तीन वर्षं, वेळेवर. त्याचा फायदा का नाही?

कर्जखाते_निवृत्त
तुमची पतसंस्था माहिती पाठवत नसेल तर नोंदच होत नाही. रिपोर्ट काढून बघा, दिसतंय का.

शिरोलीकर
मला पटलं, पण एक राहिलंच. सहा-साडेसहा वर्षं झालेल्या सेटलमेंटला आता पैसे भरावेत की तेच एफडीत टाकून कार्ड घ्यावं? माझं 2019 चं आहे, 60 हजार.

कर्जखाते_निवृत्त
घरकर्ज लवकर हवं असेल तर मी भरा म्हणेन. नसेल तर... माझ्या जुन्या सहकाऱ्यांतही यावर दोन मतं आहेत.

पंचगंगाकाठ
मी भरलेच असते. पण माझं दीड वर्षाचं होतं, तुमचं जुनं आहे.

भाच्याला उद्या दुकानात बोलावलंय. बाकी ऐंशी हजार, पगार बावीस. बँकेने मुद्दलाचे हप्ते पाडून दिले तर सगळं भरायचं, तडजोड नको, असं मी सांगणार आहे. पण हप्ते नाही पाडले तर काय सांगू, हे अजून ठरत नाही.