एकाच ताटातलं जेवण, आईची शुगर २४८ अन् बाबांची १६२. मदत हवी आहे

वावरवाट
आमचं गाव वरूड तालुक्यात. आईबाबा दोघांनाही शुगर आहे. काल दुपारी दोघं माझ्यासमोर जेवले. दोन-दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर तुरीचं वरण, वांग्याची भाजी, थोडा भात. मीच वाढलं, वाटीसुद्धा एकाच मापाची. दोन तासांनी एकाच मशीनवर आई २४८, बाबा १६२! आई रडकुंडीला आली आहे, तिला वाटते आपण चोरून गोड खातो असं सगळे समजतात. मशीन खराब आहे का? लवकर सांगा, संध्याकाळी तिला काय वाढू?

भाकरतुकडा
भात बंद करा भाऊ. ज्वारीनं शुगर वाढतच नाही.

रक्तथेंब
ज्वारीनंही वाढते, दोन भाकरी म्हणजे पीठ काही कमी नाही. ते राहू द्या. मी लॅबमध्ये काम करतो, मला हे सांगा: जेवणाआधी दोघांची किती होती? हात धुतले होते का? गोळ्या कोणत्या, कधी? जेवल्यावर कोण काय करत होतं?

वावरवाट
आधी नाही तपासली, पट्ट्या महाग पडतात. बाबा सकाळी ग्लिमेपिराईड घेतात, आई फक्त रात्री मेटफॉर्मिन. बाबा जेवून ओलिताला गेले, तिथूनच बोलावून आणले. आई लवंडली होती. उठून नातवाला संत्रं सोलून देत होती, तेवढ्यात मी बोट टोचलं.

रक्तथेंब
संत्र्याचा रस बोटावर राहिला असेल तर त्यातली साखरही मशीन मोजते. थेंब इतका लहान असतो की जरासा रसही आकडा फुगवतो. स्पिरिटचा कापूस फिरवून भागत नाही. साबणानं धुवा, कोरडे करा, मग टोचा. उद्या दोघांची जेवणाआधी घ्या अन् पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा घ्या.

कडूकारलं
रोज सकाळी कारल्याचा रस द्या. माझ्या सासूबाईची गोळी सुटली.

भाकरतुकडा
ताई, अशानंच लोक गोळ्या सोडतात अन् मग दवाखान्यात भरती होतात.

कडूकारलं
मी गोळी सोडा म्हटलं का? नीट वाचा.

संत्राबाग
माझी एचबीएवनसी ७.८ आली आहे. रात्री पोळी खाऊ की भाकर?

शाळामास्तर
माणसामाणसात फरक असतोच. इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं २०१५ मध्ये ८०० जणांवर पाहिलं, तेच खाणं असूनही प्रत्येकाची वाढ वेगळी होती.

रक्तथेंब
बरोबर आहे गुरुजी, पण त्या लोकांना मधुमेह नव्हता. इथं गोळ्याही वेगळ्या आहेत.

वावरवाट
दोन दिवस तपासलं, हात धुवूनच. जेवण तेच.
पहिला दिवस, बाबा जेवून ओलिताला गेले: आई १७१ वरून २३८, बाबा १०४ वरून १५६.
दुसऱ्या दिवशी लाइन नव्हती, बाबा खाटेवरच होते: आई १६८ वरून २३९, बाबा १०८ वरून २०१.

रक्तथेंब
आता नीट बघा. पहिल्या दिवशी शेवटी फरक ८२ चा. त्यातला ६७ जेवणाआधीच होता! जेवणानं आई ६७ नं वाढली, बाबा ५२ नं. १०० च्या वर या मशीनला १५ टक्के इकडंतिकडं चालते, म्हणून एवढ्याशा फरकावरून काही ठरवू नका.
दुसऱ्या दिवशी बाबा ९३ नं वाढले, म्हणजे आईपेक्षा जास्त. चालताना, दारं धरताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात अन् त्यासाठी त्यांना इन्शुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. बाबांचा कमी आकडा बराचसा त्या ओलिताचा दिसतो. एकाच दिवसाचं आहे, आणखी दोन-तीनदा पाहा.
आईचं ताट दोषी नाही. तिची शुगर जेवणाआधीच चढलेली आहे. रात्री यकृत जास्त साखर सोडत असेल, किंवा गोळी पुरत नसेल. सकाळची उपाशीपोटीची घ्या, सगळे आकडे वहीत लिहून डॉक्टरला दाखवा. गोळी मनानं वाढवू नका.
बाबांची गोळी इन्शुलिन सोडायला लावते. ती घेऊन जेवण चुकवलं अन् वावरात राबले तर शुगर एकदम उतरू शकते. घाम, थरथर झाली की लगेच साखर खाऊ घाला. खिशात गुळाचा खडा ठेवायला सांगा.

वावरवाट
आईले वाचून दाखवलं. म्हणाली, "मंग माह्या भाकरीचा दोष नाही ना?" आज जेवल्यावर अंगणात वीस मिनिटं फिरली, १६६ वरून २०९. पण तिचे गुडघे दुखतात, रोज जमेल का?

कडूकारलं
गुडघ्यासाठी निरगुडीचा पाला शेकून बांधा.

रक्तथेंब
एका दमात नको. जेवल्यावर दहा मिनिटं, थांबून पुन्हा दहा मिनिटं. गुडघे सुजलेले आहेत का, ते आधी सांगा.