पोटेन्शियल स्टेप: R आणि T ची बेरीज १ च्या वर जातेय, मदत हवी आहे
एका गणितात अडकलोय. पार्टिकलची एनर्जी ४ eV, स्टेप ३ eV, म्हणजे k2/k1 = १/२ येतं. स्टेपपाशी ψ आणि तिचा डेरिव्हेटिव्ह जुळवला तर r = १/३ आणि t = ४/३ मिळतं, मग वर्ग केले की R = १/९ ठीक, पण T = १६/९, बेरीज १७/९!! मित्र म्हणतो T ला k2/k1 ने गुण, तसं केलं तर ८/९ येतं आणि बेरीज बरोब्बर १ होते, पण का गुणायचं ते त्यालाही सांगता येईना. पलीकडे पार्टिकलचा वेग निम्मा होतो म्हणून प्रॉबेबिलिटी करंट मोजताना तो फॅक्टर येतो का? आणि हाच पार्टिकल उलट्या बाजूने, स्टेपवरून खाली आला तरी R १/९ च येतोय, खाली उतरतानाही मागे फिरतो हे खरंच बरोबर आहे की माझं काही चुकलंय?