‘आम्ही नदीवर जाऊ’: हा भविष्यकाळ की चूक?

बोरीकाठची:
आजीला ८४ पूर्ण होतील तेव्हा तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायची, असं घरात ठरलंय. आजी मूळची अमळनेरजवळच्या खेड्यातली, चौथी शिकलेली. घरी अहिराणी बोलते, पण वहीत शाळेतल्यासारखं मराठी लिहिते. भाषा नीट करायचं काम माझ्याकडे आलंय. तिचा एक परिच्छेद जसाच्या तसा देते:

“पहाटे माय उठे. घट्यावर बसे. ज्वारी दळे, आम्हाला आवाजानं जाग येई. उन्हाळ्यात नदी आटे मग आम्ही बहिणी झिऱ्यावर जाऊ. रेती खांदू. पहिलं पाणी गढूळ येई ते फेकू. मग वाटीवाटीनं घागर भरू. आखाजी जवळ आली का निंबाले झोका बांधू. एक वर्षी मी झोक्यावरून पडली. माय काही बोलली नाही, पदरानं तोंड पुसलं.”

मी केलं ते असं:

“आई पहाटे उठायची, जात्यावर बसायची आणि ज्वारी दळायची. त्या आवाजाने आम्हाला जाग यायची. उन्हाळ्यात नदी आटायची, तेव्हा आम्ही बहिणी झऱ्यावर जायचो, रेती खोदायचो. पहिले पाणी गढूळ यायचे, ते फेकायचो. मग वाटीवाटीने घागर भरायचो. अक्षय्यतृतीया जवळ आली की कडुनिंबाला झोका बांधायचो. एका वर्षी मी झोक्यावरून पडले. आई काही बोलली नाही, तिने पदराने माझे तोंड पुसले.”

भाऊ म्हणतो, वाट लावलीस. माझं म्हणणं, ‘आम्ही झिऱ्यावर जाऊ’ वाचून आजच्या मुलांना वाटेल उद्याचा बेत चाललाय. व्याकरणाने काय बरोबर?

प्रूफवाचक:
तुमचं बरोबर आहे. ‘जाऊ’, ‘भरू’ ही रूपं आता बोलण्यात भविष्यकाळी किंवा ‘चला, जाऊ’ अशीच ऐकू येतात. छापील मजकुरात वाचकाला अडखळवू नये. ‘पडली’चं ‘पडले’ केलंत तेही योग्य. फक्त लागोपाठ ‘-यचो’ खटकतात, त्यातल्या दोनतीन ठिकाणी ‘जात असू’, ‘भरत असू’ करा.

आप्पा मास्तर (निवृत्त):
ताई, तुमच्या परिच्छेदात ‘-यची’, ‘-यचे’, ‘-यचो’ मोजून अकरा वेळा आलंय. आजीच्या परिच्छेदात एकही काळ चुकलेला नाही. हा रीतिभूतकाळ. आम्ही मुलांना शिकवायचो: तो जाई, आम्ही जाऊ, ते जात. जे पुन्हा पुन्हा घडे त्याचा हा काळ, आणि बालपणाच्या आठवणीला याहून बरा काळ मराठीत नाही.

‘जाऊ’ भविष्यासारखं दिसतं हे खरं. पण आजीने ते कुठे ठेवलंय पाहा. आधी ‘उठे’, ‘बसे’, ‘दळे’, ‘येई’, ‘आटे’ येऊन गेलेत आणि ही रूपं भविष्यात कुणी वाचणार नाही. ‘जाऊ’पर्यंत पोचेतो वाचकाचा कान लागलेला असतो. हवं तर पहिली चार वाक्यं हाताने झाकून वाचा. मग मात्र तुमची शंका खरी ठरते. म्हणजे वहीत एखादं पान थेट ‘आम्ही शाळेत जाऊ’ असं सुरू होत असेल, तर तिथे आधी ‘तेव्हा’ किंवा ‘मी सातआठ वर्षांची असताना’ एवढं घाला. क्रियापदाला हात लावू नका.

दुसरी गोष्ट. ‘एक वर्षी मी पडली’ इथे काळ बदलतो. रोजचं संपलं, एकदाचं सुरू झालं. आजीच्या लेखनात ही वळणाची जागा ऐकू येते, कारण ‘बांधू’नंतर एकदम ‘पडली’ येतं. तुमच्या ‘बांधायचो’नंतरच्या ‘पडले’त तो धक्का बोथट होतो.

प्रूफवाचक:
आप्पा, मग पुस्तकाप्रमाणेच चला. ‘उठे’, ‘बसे’ अकर्मक म्हणून ‘ए’. ‘दळणे’ सकर्मक, तिथे ‘दळी’ हवं. ‘देव तारी त्याला कोण मारी’ असं म्हणतो आपण, ‘तारे’, ‘मारे’ नाही म्हणत. म्हणजे आजीची चूक निघालीच की!

आप्पा मास्तर (निवृत्त):
पकडलंत. पुस्तकाने ‘दळी’च. पण ‘सांगे’, ‘म्हणे’ सकर्मक असून ‘ए’ घेतात, त्यामुळे नियमाला आधीच भोकं आहेत. आणि ‘उठे, बसे, दळे’ हे तिघं एका ओळीत आलेत, जात्याच्या फेऱ्यासारखे. माझ्या हातात वही असती तर... विद्यार्थ्याच्या वहीत मी लाल शाई मारली असती. आजीच्या वहीत मारवणार नाही. हा न्याय नाही, कबूल आहे.

तुका म्हणे:
माझी एक जुनी शंका आहे. ‘तुका म्हणे’ मधलं ‘म्हणे’ हेच का? मग तुका ‘म्हणायचा’ असा अर्थ घ्यायचा का? लहानपणापासून मी ‘म्हणतो’ असाच घेत आलोय.

आप्पा मास्तर (निवृत्त):
तुम्ही घेता तेच बरोबर. जुन्या मराठीत हा साधा वर्तमानकाळ होता. पुढे ‘म्हणतो’, ‘करतो’ यांनी ती जागा घेतली आणि जुनं रूप मागे सरकून ‘पूर्वी असं होई’ याच्या कामाला लागलं. म्हणींत जुना अर्थ टिकला, म्हणून देव आजही तारी.

यावलचा केळीवाला:
काळाचं तुम्ही बघा. माझा आक्षेप ‘घट्या’वर आहे. आमच्याकडे जात्याला घरोट म्हणतात. बहिणाबाईंनी अहिराणीत लिहिलं, त्यांच्याकडेही घरोटच आहे. मग खान्देशी शब्द घरोट हाच धरायला हवा. घट्या हा ‘घट्ट’वरून कुणीतरी पाडलेला शब्द वाटतो, दगड घट्ट बसतात म्हणून.

अहिराणी पोऱ्या:
भाऊ, बहिणाबाई आसोद्याच्या, त्यांची बोली लेवा. अहिराणी नाही. दर वेळी हेच सांगावं लागतं! घरोट तुमचा, घट्या आमचा. दोन्ही खान्देशातच फिरतात. घट्ट दगडाचं तुमचं तुमच्यापाशी राहू द्या. वरचा दगड घट्ट बसला तर फिरणार कसा?

आणि बोरीकाठची ताई, काय करी राहिनी तू? मायची आई केलीस! मी तर म्हणतो सगळं अहिराणीतच लिहा. ‘निंबाले’ ठेवायचं तर ‘मना’, ‘मनी’ पण ठेवा. अर्धंमुर्धं कशाला?

बोरीकाठची:
दादा, पण आजीनेच ‘मना’ लिहिलेलं नाही. लिहायला बसली की ती शाळेतल्या बाईंना दाखवायचं असल्यासारखी लिहिते. आखी वही चाळली, ‘ले’ फक्त चार ठिकाणी निसटलंय. मी सगळं अहिराणीत केलं तर तेही माझंच होईल, तिचं नाही.

अहिराणी पोऱ्या:
हं. पण ते चार ‘ले’ खोडू नका.

प्रूफवाचक:
बोली घरात गोड. छापताना काही एक शिस्त हवी. महामंडळाच्या नियमांत जुन्या लेखनाला सवलत आहे, पण ती चिपळूणकरांपूर्वीच्या गद्याला आणि केशवसुतांपूर्वीच्या पद्याला. तुमच्या आजी त्यानंतरच्या.

आप्पा मास्तर (निवृत्त):
हसलो. पण ते नियम ऱ्हस्वदीर्घाचे, अनुस्वारांचे, शब्द कसा लिहावा याचे. माय म्हणावं की आई, हे त्यांत कुठे आलं? जिथे खरंच नियम लागतो तिथे लावा: ‘नदी आटे’नंतर स्वल्पविराम द्या, ‘गढूळ येई’नंतर द्या. ‘मी पडली’ मी ठेवीन, आपल्या भागातल्या बायका असंच बोलतात. आणि एक गंमत बघा, ‘मी जाई’, ‘आम्ही जाऊ’ या रूपांना लिंगच नाही. पडले की पडली, जायचे की जायची, हा तंटाच तिथे उद्भवत नाही.

धुळेकर काकू:
मला व्याकरण कळत नाही. पण ताई, तू झिऱ्याचा झरा केलास ते आधी सुधार. झरा आपोआप वाहतो. झिरा म्हणजे आटलेल्या नदीच्या रेतीत हाताने केलेला खड्डा. आम्ही पांझरेत कोपरभर खांदायचो. आधी नुसती ओली रेती लागे, मग तळाशी चहाच्या रंगाचं पाणी जमे. ते दोनदा उपसून फेकलं की निवळ येई. वाटी तिरपी धरायची, तळाला टेकू द्यायची नाही, नाहीतर परत गढूळ. एक घागर भरायला अर्धी सकाळ जाई. तोवर कडेची रेती ढासळे, म्हणून एक बहीण नुसती कड धरून बसे. वाहत्या झऱ्यावर वाटीवाटीनं घागर कोण भरेल? सरळ बुडवेल ना!

बोरीकाठची:
काकू, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटलं आजीचा वेलांटीचा घोळ आहे. बदलते लगेच.

यावलचा केळीवाला:
काकूंनी स्वतः ‘लागे, जमे, येई, जाई, ढासळे, बसे’ लिहिलं बघा. आणि म्हणे व्याकरण कळत नाही.

प्रूफवाचक:
पहिल्या वाक्यात ‘खांदायचो’ही लिहिलंय. दोन्ही चालतात, इतकंच सिद्ध झालं.

आप्पा मास्तर (निवृत्त):
मला तर उलट वाटतं. ‘खांदायचो’ने काकूंनी आधी काळ बांधून दिला आणि मग जुन्या रूपांवर आल्या. ताईंना हवी असलेली युक्ती हीच. पानाची सुरुवात अडत असेल तिथे एक ‘-यचो’ पुरे, मग आजीला बोलू द्या.

तुका म्हणे:
शेवटच्या वाक्याकडे कुणी पाहिलं का? आजीने ‘पदरानं तोंड पुसलं’ एवढंच लिहिलंय. कुणाचं ते नाही लिहिलं. ताईंनी ‘माझे’ घातलं. आजी आहेत ना? विचारा की.

बोरीकाठची:
आताच फोन केला. आजी म्हणाली, “माझं कशाले पुसंल? तिचं तिनं पुसलं. ती रडत होती.”

मी दोन आठवडे ते वाक्य ‘माझे तोंड’ असं वाचत होते.

प्रूफवाचक:
मग ‘स्वतःचं’ घाला. संदिग्धता गेली पाहिजे.

अहिराणी पोऱ्या:
काही घालू नका!

प्रूफवाचक:
वाचक चुकीचं समजेल. ताई स्वतःच चुकल्या.

आप्पा मास्तर (निवृत्त):
इथे मी प्रूफवाचकांच्या बाजूने झुकतो. ‘तिनं पदरानं तोंड पुसलं’ एवढा ‘तिनं’ घातला तर? ‘स्वतःचं’ फार स्पष्ट होतं.

तुका म्हणे:
‘तिनं’ घातल्यावरही कुणाचं ते कळत नाहीच, आप्पा.

धुळेकर काकू:
ताई, आजीला एक विचारशील? झोका निंबाला होता म्हणते, पण आमच्याकडे आखाजीचा झोका चिंचेला असे. निंबाची फांदी मोडते, असं माझी माय म्हणे. मोडली म्हणूनच पडल्या का त्या?