मदत हवी आहे: पट्ट्याचा वेग बदलला की स्मिथ प्रेडिक्टर डोलतो

नमस्कार मंडळी, बुटीबोरीच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. मिक्सरमध्ये मालावर पाणी सोडतो, पण ओलावा मोजणारा मीटर पट्ट्यावर 30 मीटर पुढे आहे. पट्टा सेकंदाला 0.5 मीटर, म्हणजे डेड टाइम 60 सेकंद. टाइम कॉन्स्टंट 20. स्मिथ प्रेडिक्टर लावून बंद लूपचा टाइम कॉन्स्टंट 5 सेकंद ठेवला. या वेगाला काम झकास चालतं.

माल कमी असला की ऑपरेटर वेग 0.4 वर आणतो. खरा डेड टाइम 75 होतो, मॉडेलमध्ये 60च राहतो. मग मॉडेल म्हणतं ओलावा वाढला, मीटर 15 सेकंद गप्प. हा फरक कंट्रोलरला बाहेरची गडबड वाटते, तो आणखी पाणी सोडतो आणि साधारण अर्ध्या मिनिटाच्या आवर्तनाने व्हॉल्व्ह वरखाली होत राहतो. गेन तसाच आहे, म्हणून मला दोषी डेड टाइमच वाटतो.

लूप 15 सेकंदांपर्यंत मंद केला तर डोलणं थांबायला हवं, पण प्रेडिक्टरचा बराचसा फायदा जातो. त्यापेक्षा पीएलसीमधला डिले बफर एन्कोडरच्या पल्सवर सरकवावा असं मनात आहे. कोणी केलंय का? पट्टा पूर्ण थांबला तर इंटिग्रल कसा रोखता?