'रँडम इफेक्ट'ला मराठीत काय म्हणता?

काटोलचा: भाऊ, अडकलो आहे. संत्र्याच्या गोडीवरच्या एका अहवालाचा शेतकऱ्यांसाठी मराठी गोषवारा करून राहिलो. बागेतली ६ झाडं चिठ्ठ्या टाकून निवडली, प्रत्येकाची ४ फळं, रसाचे ब्रिक्स मोजले. अहवालात झाड म्हणजे 'रँडम इफेक्ट'. मी 'यादृच्छिक परिणाम' लिहिलं, तर तपासणाऱ्या सरांनी खोडून 'अनिश्चित परिणाम' केलं. आता वाचणाऱ्याला वाटन की झाडाचा परिणाम कधी होते, कधी होत नाही. काय लिहू?

शुद्धाक्षरी: तुमचंच बरोबर. यदृच्छा म्हणजे योगायोग, त्यावरून यादृच्छिक. 'अनिश्चित' ही निव्वळ आळशी निवड आहे.

महालकर: आमचे मास्तर सांगायचे, 'यादी' अधिक 'इच्छा', यादीतून इच्छेनं उचललं ते यादृच्छिक 😀

शुद्धाक्षरी: इच्छेनं उचललं तर ते यादृच्छिक उरेल का हो!

धरमपेठी: शब्दावर काहून भांडता? चिठ्ठ्या टाकल्या की रँडम, आपण निवडलं की फिक्स्ड. आणि एकेरी अनोव्हात दोन्हीकडे एफ तोच येतो, काहीही लिहा, काय फरक पडते.

आकडेवाल्या_काकू: एफ तोच येतो हे खरं आहे. चिठ्ठ्यांचं अर्धंच खरं. तीन खतांची तुलना करताना कोणत्या वाफ्याला कोणतं खत हे चिठ्ठीनंच ठरवतात, तरी खत फिक्स्डच, कारण प्रयोग पुन्हा केला तर तीच तीन खतं घेणार. झाडं मात्र पुढच्या खेपेला दुसरी सहा येतील. तुम्हाला झाड नंबर ३ मध्ये रस नाही, अख्ख्या बागेत आहे. हा भेद आयझेनहार्टनं १९४७ मध्ये मॉडेल एक आणि मॉडेल दोन म्हणून नीट मांडला. काटोलकर, तक्त्यातले आकडे टाका बरं.

काटोलचा: झाडा-झाडांतला सरासरी वर्ग ३.६, झाडाच्या आतला १.२. एफ ३. बाकी 'व्हेरिअन्स कंपोनंट ०.६' असं लिहून आहे, ते कुठून आलं समजलं नाही.

आकडेवाल्या_काकू: सहा झाडांच्या सहा सरासऱ्या घ्या. त्यांचं आपसातलं प्रचरण ३.६ भागिले ४ म्हणजे ०.९. पण हे सगळं झाडांमुळे नाही. समजा झाडं अगदी सारखी असती, तरी चारच फळं तोडल्यामुळे सरासऱ्या थोड्या इकडेतिकडे झाल्याच असत्या, तेवढं १.२ भागिले ४ म्हणजे ०.३. ते वजा केलं की ०.६ उरलं, तो झाडांचा वाटा. फळाफळांचा वाटा १.२. एकूण १.८ मधला एक तृतीयांश फरक झाडांमुळे आहे.

आता धरमपेठींचं 'काय फरक पडते'. बागेच्या सरासरी गोडीची प्रमाण त्रुटी काढा. याच सहा झाडांपुरतं बोलायचं असेल तर १.२ भागिले २४, त्याचं वर्गमूळ ०.२२. बागेबद्दल बोलायचं असेल तर ३.६ भागिले २४, वर्गमूळ ०.३९. चुकीचं मॉडेल धरलं तर खात्री खोटी वाढते. आणि त्याच सहा झाडांची कितीही फळं तोडा, बागेची प्रमाण त्रुटी ०.३२ च्या खाली जाणारच नाही. तेवढीच २४ फळं १२ झाडांवरून दोन-दोन घेतली असती तर या वाट्यांच्या हिशेबानं ०.३२ आजच मिळाली असती.

संत्रामार्केट: आम्ही पण उभी बाग घेताना दोन-चार झाडंच चाखतो आणि फसतो 😅 पण तुम्ही झाडाच्या कोणत्या बाजूची फळं तोडली? उन्हाकडली गोड राहतात.

काटोलचा: चारही बाजूंनी एकेक. म्हणजे तो फरक १.२ मध्ये जमा झाला असन.

आकडेवाल्या_काकू: हो, तिथेच.

धरमपेठी: मान्य बाप्पा. पण माझ्या एमएस्सीच्या डाट्यात झाडांचा वाटा उणे ०.१ आला होता, गाइड म्हणाले चूक केली.

आकडेवाल्या_काकू: चूक असेलच असं नाही. आतला सरासरी वर्ग बाहेरच्यापेक्षा मोठा निघाला की वजाबाकी उणे येते, खरा वाटा लहान आणि झाडं थोडी असली की हे होतं. बहुतेक जण शून्य लिहितात. मात्र सतत उणेच येत असेल तर एकाच झाडाची फळं एकमेकांची जागा खातात का, ते बघावं.

शुद्धाक्षरी: 'वाटा' छान आहे! 'प्रचरणाचे घटक'पेक्षा 'प्रचरणाचे वाटे' लिहा.

महालकर: वाटे म्हटलं की भावाभावांचं भांडण आठवते.

काटोलचा: वाटे घेतो. पण रँडमचं काय? 'नमुन्यातल्या झाडांचा परिणाम' लिहू का? आणि फिक्स्डला 'ठरीव' चालन?

शुद्धाक्षरी: 'ठरीव' उत्तम. 'रँडम'साठी यादृच्छिकच, शेतकऱ्याला कमी समजू नका.

संत्रामार्केट: ते जाऊ द्या. ही फळं आंबियाची की मृगाची?