मदत हवी आहे: एम.टेक.साठी राजीनामा देतोय, साहेब म्हणतात आधी स्टील जुळव

ओळंबा
नमस्कार. एका कंत्राटदाराकडे साईट इंजिनिअर आहे. एम.टेक. स्ट्रक्चरलला नंबर लागलाय. उद्याच राजीनामा द्यायचाय. साहेबांच्या कानावर घातलं तर म्हणाले, "आधी स्टीलचा हिशेब जुळव, मग कागद आण." मजकूर खाली देतोय, कोणीतरी सुधारून द्या. घाई आहे.

"उच्च शिक्षणाच्या कारणास्तव मी साईट इंजिनिअर पदाचा राजीनामा देत आहे. मला लवकरात लवकर कार्यमुक्त करून अनुभवाचा दाखला द्यावा, ही विनंती."

गोदाकाठ
नोटीस किती दिवसांची? कॉलेजला हजर कधी व्हायचंय? नेमणूक पत्र हातात आहे का? हे कळल्याशिवाय मजकूर काय सुधारणार?

सातारी_गडी
एवढं कशाला? नोटीसचे पैसे भरा आणि मोकळे व्हा. स्टील हा स्टोअरचा विषय, तुमचा काय संबंध? मी तर एका शुक्रवारी मेल टाकला आणि सोमवारपासून गेलोच नाही.

मृण्मयी_स
मीसुद्धा नोकरी सोडून एम.टेक. केलं (संगणक शाखा). आमच्याकडे एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये कारण विचारतात, तिथे पगाराबद्दल बोलू नका. आणि आतापासूनच ईटॅब्स शिकायला घ्या, पहिल्या सेमिस्टरला उपयोग होतो.

ओळंबा
नोटीस 60 दिवस. नेमणूक पत्र आहे, त्यात "नोटीस किंवा त्या बदल्यात मूळ पगार" असं लिहिलंय. 24 जुलैला नागपूरला व्हीएनआयटीत हजर व्हायचंय. मृण्मयीताई, ईटॅब्सचं नंतर बघतो, आत्ता पत्राचं बोला.

कॉलम_आणि_तुळई
सीट फ्रीज केलीत की फ्लोटवर आहे? फ्लोटवर असाल तर पुढच्या फेरीत कॉलेज बदलू शकतं आणि हजर व्हायची तारीखही. ते पक्कं व्हायच्या आत शेवटचा दिवस लिहून देऊ नका.

ओळंबा
फ्रीज केली, फीसुद्धा भरली.

गोदाकाठ
मग पत्राचं सोपं आहे. खरी अडचण स्टीलची आहे. सातारी, नोटीसबद्दल तुमचं बरोबर आहे. स्टील जुळेपर्यंत राजीनामा घेणार नाही, असं साहेब म्हणू शकत नाहीत. पण कुठे किती सळई लागते याचा तक्ता, म्हणजे बीबीएस, काढलं याच पोरानं, स्टोअरच्या इश्यू स्लिपवर सहीही याचीच. हिशेब तोंडी ठेवून गेला तर पुढे जी तूट निघेल ती याच्या नावावर पडेल आणि दाखला अडकेल. मी बरीच वर्षं बिलिंग बघितलं, असे प्रकार डोळ्यांनी पाहिलेत.

ओळंबा, तूट किती दाखवतायत? आलेलं स्टील वजनकाट्यावर घेतलं होतं की सळया मोजून?

ओळंबा
वजनकाट्यावर. चलनांप्रमाणे 186 टन आलं. बीबीएसप्रमाणे 174.2 टन लागलं. साईटवर शिल्लक 4.1 टन, भंगार 3.9 टन. 3.8 टनांचा हिशेब लागत नाही. ही चोरी आहे असं साहेब सरळ म्हणत नाहीत, पण रोख तोच आहे.

गोदाकाठ
आलेलं, शिल्लक आणि भंगार, तिन्ही काट्यावरची खरी वजनं आहेत. बीबीएसचं वजन मात्र व्यासाचा वर्ग भागिले 162 या सूत्रानं काढलेलं, म्हणजे कागदावरचं. 16 एमएमची सळई सूत्रानं मीटरला 1.58 किलो भरते. गिरणीतून ती थोडी जाड किंवा बारीक येते, आयएस 1786 मध्ये त्यासाठी सूटही आहे. यालाच रोलिंग मार्जिन म्हणतात.

तुमचं स्टील सरासरी 2 टक्के जड आलं असेल, तर कागदावरच्या 174.2 टनांचं खरं वजन होतं सुमारे 177.7 टन. मग तूट उरते जेमतेम 0.3 टन. पण हे गृहीत धरून लिहायचं नाही. प्रत्येक व्यासाचे एक-एक मीटरचे काही तुकडे काप, टोकं सरळ असू देत. बारीक वजनकाट्यावर वजन कर आणि स्टोअरकीपरसमोर त्याच्या सहीनिशी कागदावर घे. शक्यतो निरनिराळ्या चलनांच्या मालातले तुकडे घे. स्लॅबच्या चेअर, स्पेसर आणि वाढीव लॅप बीबीएसमध्ये धरलेत का, तेही बघ.

सातारी_गडी
ही सगळी कामं बिलिंग इंजिनिअरची आहेत. पोरानं हातातला महिना त्यात का घालवायचा?

कॉलम_आणि_तुळई
छोट्या कंत्राटदाराकडे वेगळा बिलिंग इंजिनिअर असतो कुठे? गोदाकाठ बरोबर सांगतायत. फक्त तुकडे नुसत्या शिल्लक मालातले असतील तर ते आधी आलेल्या मालाला लागू पडतीलच असं नाही. गिरण्यांची टेस्ट सर्टिफिकेटं काढा, बऱ्याचदा त्यात मीटरचं वजन दिलेलं असतं.

गोदाकाठ
हे चांगलं सुचवलंत. आता पत्र. उद्या 9 जून धरून लिहितो:

"स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमधील पूर्णवेळ एम.टेक.साठी मी आज, 9 जून रोजी, साईट इंजिनिअर पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूक पत्राप्रमाणे नोटीस 8 ऑगस्टला पूर्ण होते. प्रवेशासाठी 24 जुलैला हजर व्हायचे असल्याने 22 जुलै हा माझा कामाचा शेवटचा दिवस धरावा. उरलेले 17 दिवस शिल्लक रजेतून वळते करावेत, रजा कमी पडल्यास तेवढा मूळ पगार कापावा.

स्टीलचा व्यासवार हिशेब 30 जूनपर्यंत स्टोअरच्या सहीसह सादर करीन. पोअर कार्डे, क्यूब रजिस्टर आणि न झालेल्या बिलांची मोजमापे आपण नेमाल त्या इंजिनिअरला यादीसह सोपवीन. 22 जुलैला कार्यमुक्तीचे पत्र व अनुभवाचा दाखला मिळावा, ही विनंती."

"लवकरात लवकर" काढून टाकलं, कारण त्यात तारीख नाही. ऑफिसच्या प्रतीवर आवकचा शिक्का घे आणि तेच पत्र मेलवरही पाठव.

ओळंबा
काका, खूप आभार. क्यूब रजिस्टरचा उल्लेख कशाला? रिझल्ट तर लॅब देते.

गोदाकाठ
24 जूननंतर जे काँक्रीट ओतशील त्याची ताकद तपासायचे 28 दिवसांचे क्यूब तू गेल्यावर फुटणार. रिझल्ट कमी आला तर पहिला प्रश्न येईल, पोअर कोणी बघितला? तेव्हा पोअर कार्ड, स्लंप, क्यूबचे नंबर आणि ते पाण्यात कुठे ठेवलेत, हे नव्या माणसाला दाखवून त्याची सही घे. क्यूबवर तारीख पुसट झाली असेल तर आत्ताच पुन्हा लिही. नंबर पटला नाही की तो क्यूब कोणत्या स्लॅबचा, हे नंतर सांगता येत नाही.

मृण्मयी_स
पीएफ विसरू नका. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं टाकली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर आपली आपणच टाकता येते. आणि गेटचा स्टायपेंड घ्यायचा असेल तर 22 जुलैनंतर कंपनीचा पगार सुरू राहता कामा नये.

ओळंबा
पत्र दिलं, शिक्का मिळाला. साहेब वाचून गप्प बसले, रजेचं "बघू" म्हणाले. संध्याकाळी स्टोअरकीपरबरोबर वजनं घेतली. 16 चे तुकडे 1.61 ते 1.62 किलो भरले, म्हणजे साधारण 2 ते 2.5 टक्के जड. पण 8 एमएम उलट निघालं, सूत्रानं 395 ग्रॅम हवं तिथे 386 ग्रॅम. रिंगा आणि स्लॅबचं सगळं स्टील 8 चंच आहे. मग तूट वाढणार ना?

गोदाकाठ
8 पुरती वाढेल. म्हणून तर 2 टक्के सरसकट लावायचे नाहीत म्हटलं. दर व्यासाचे बीबीएसचे टन वेगळे काढ, प्रत्येकाला त्याच्या तुकड्यांचं प्रमाण लाव, मग बेरीज कर. रिंगांच्या हुकची लांबी बीबीएसमध्ये किती धरलीस? साईटवरची एक रिंग उलगडून मोज. आणि व्यासवार टन इथे टाक, मग पुढचं बोलू.